मॅग्ना कार्टा : दात असलेलं कलम मेलं, दात नसलेलं टिकलं

२०२० च्या लॉकडाउनमध्ये इंग्लंडमधल्या काही दुकानदारांनी, सलूनवाल्यांनी दारावर एक नोटीस चिकटवली होती. मजकूर साधारण असा, की मॅग्ना कार्टाच्या कलम ६१ प्रमाणे बेकायदा हुकूम न पाळण्याचा आम्हाला अधिकार आहे, सबब दुकान उघडं राहील. स्थानिक प्रशासनाच्या माणसांनी नोटीस वाचली आणि दंडाची पावती फाडली. एका सलूनला तर हजारो पौंडांचा दंड बसला. कलम ६१ चा काडीचा उपयोग झाला नाही.

होणारही नव्हता. ते कलम १२१५ साली जेमतेम दहा आठवडे अस्तित्वात होतं, ते फक्त २५ सरदारांसाठी होतं, आणि पुढच्याच वर्षी सनदेतून काढून टाकलं गेलं. पण त्याच सनदेतलं दुसरं एक कलम, क्रमांक ३९, आजही इंग्लंडच्या कायद्यात जिवंत आहे. त्याची नातवंडं-पतवंडं अमेरिकेच्या राज्यघटनेत आहेत, आणि आपल्या घटनेच्या कलम २१ वरच्या वादातही त्याचीच सावली आहे.

गंमत अशी की ६१ व्या कलमाला दात होते. राजाने शब्द मोडला तर त्याचं काय करायचं हे त्यात तपशीलवार लिहिलं होतं. ३९ व्या कलमात असलं काही नव्हतं. तरी दातवालं मेलं आणि बिनदातांचं आठशे वर्षं जगलं. हे कसं झालं, ते आज जरा सविस्तर सांगतो. कारण "मॅग्ना कार्टाने जनतेला लोकशाही दिली" हे जे आपण शाळेपासून ऐकत आलोय, त्यापेक्षा खरी गोष्ट जास्त कामाची आहे.

सुरुवात पैशापासून करू. राजा जॉन ११९९ मध्ये गादीवर आला. १२०४ मध्ये फ्रान्सच्या राजाने त्याच्याकडून नॉर्मंडी हिसकावली. घराण्याचा मूळ मुलूखच गेला. पुढची दहा वर्षं जॉनचा एकच ध्यास, पैसा जमवायचा आणि नॉर्मंडी परत घ्यायची. पैसा आणायचा कुठून? आजच्यासारखा नियमित कर तेव्हा नव्हता. राजाचं उत्पन्न सरदारांशी असलेल्या जमिनीच्या नात्यातून यायचं. सरदाराने जमिनीच्या बदल्यात लढाईला माणसं द्यायची, माणसं नसतील तर त्याऐवजी पैसे भरायचे. या पैशाला 'स्क्यूटेज' म्हणत, म्हणजे एका अर्थी ढालपट्टी. सरदार मेला की मुलाने वारसा लावून घेण्यासाठी राजाला रक्कम द्यायची. आपल्याकडे वतन नावावर करताना नजराणा द्यावा लागायचा, तोच प्रकार. वारस अज्ञान असेल तर तो आणि त्याची इस्टेट राजाच्या ताब्यात. विधवेचं लग्न कोणाशी लावायचं हेही राजा ठरवणार, आणि तिला लग्न नको असेल तर त्याचेही पैसे.

यातलं काहीच जॉनने नव्याने काढलेलं नव्हतं. त्याने फक्त प्रत्येक नळ पूर्ण उघडला. ढालपट्टी पूर्वी अधूनमधून लागायची, ती त्याने सोळा-सतरा वर्षांत अकरा वेळा वसूल केली. वारसा-नजराण्याचा रिवाज मोठ्या सरदारासाठी साधारण १०० पौंडांचा होता. १२०५ मध्ये निकोलस द स्टटविल नावाच्या सरदाराकडून त्याने १०,००० मार्क मागितले. मार्क म्हणजे पौंडाचा दोन-तृतीयांश, म्हणजे ही रक्कम सहा हजार सहाशे पौंडांच्या वर जाते. रिवाजाच्या सासष्टपट!

इतकी रक्कम कोणी फेडू शकणार नाही हे राजालाही कळत होतं. मुद्दा फेडण्याचा नव्हताच. सरदार कायमचा देणेकरी झाला की तो राजाच्या मुठीत. राजाची मर्जी असेपर्यंत वसुली थांबलेली, मर्जी फिरली की जप्ती. कर्ज हा राज्य करण्याचा लगाम होता.

मर्जी फिरली की काय होतं, त्याचं उदाहरण सगळ्या सरदारांच्या डोळ्यांसमोर होतं. विल्यम द ब्रिओझ हा एके काळी जॉनचा अगदी खास माणूस. त्याच्याकडे राजाचं मोठं देणं थकलं होतं. बिनसल्यावर राजाने त्याच्या जमिनी आणि गढ्या घेतल्या. तो पळाला आणि फ्रान्समध्ये परागंदा होऊन मेला. त्याची बायको मटिल्डा आणि थोरला मुलगा राजाच्या हाती सापडले. १२१० मध्ये दोघांना कोठडीत उपाशी ठेवून मारलं. ना खटला, ना निवाडा. राजाचा राग झाला, एवढंच कारण.

१२१४ मध्ये जॉन सगळा पैसा घेऊन फ्रान्सवर गेला. जुलैमध्ये बूव्हीनच्या लढाईत त्याच्या मित्रांच्या फौजेचा धुव्वा उडाला. नॉर्मंडी नाही, पैसाही नाही, आणि घरी परतल्यावर पुन्हा ढालपट्टीची वसुली. १२१५ च्या मे महिन्यात बंडखोर सरदारांनी राजाशी इमान तोडल्याचं जाहीर केलं, आणि १७ मे रोजी लंडन शहर त्यांच्या हाती पडलं. राजधानी गेल्यावर जॉनला वाटाघाटींशिवाय मार्ग उरला नाही. विंडसर आणि स्टेन्सच्या मध्ये थेम्स नदीकाठी रनीमीड नावाचं कुरण आहे. तिथे जूनच्या मध्यात दोन्ही बाजू भेटल्या. सनदेवर तारीख १५ जून १२१५ ची आहे.

चित्रांमध्ये जॉन हातात पीस घेऊन सही करताना दाखवतात, तसं काही घडलं नाही. त्या काळी राजा सही करत नसे, मोहोर उठवली जाई. मजकूर लॅटिनमध्ये, एकसलग. ६३ कलमांचे आकडे फार नंतरच्या अभ्यासकांनी घातलेले. तेव्हा त्याला 'मॅग्ना कार्टा' हे नावही नव्हतं. १२१७ मध्ये राजाच्या राखीव जंगलांबद्दल एक वेगळी, लहान सनद निघाली. तिच्यापासून ओळखू यावी म्हणून ही 'मोठी सनद' झाली.

सनद वाचली तर ती जाहीरनाम्यासारखी अजिबात वाटत नाही. तक्रारींची यादी वाटते. मोठ्या सरदाराचा वारसा-नजराणा १०० पौंड, त्यावर नाही. विधवेला बळजबरीने लग्न करायला लावायचं नाही. ढालपट्टी लावायची तर राज्याच्या सामाईक सल्ल्याने. नद्यांमधले मासे अडवायचे बांध काढा. धान्य, दारू आणि कापड यांची मापं सगळीकडे एकच हवीत. आणि या सगळ्यात, मधेच, ३९ वं कलम. त्याचा अर्थ असा : कोणत्याही स्वतंत्र माणसाला पकडणार नाही, तुरुंगात टाकणार नाही, त्याची जमीन काढून घेणार नाही, त्याला देशोधडीला लावणार नाही किंवा त्याच्यावर माणसं पाठवणार नाही, त्याच्या बरोबरीच्यांच्या कायदेशीर निवाड्याने किंवा देशाच्या कायद्याने होईल तेवढंच.

ब्रिओझ कुटुंबाचं काय झालं ते आठवून हे कलम वाचा, म्हणजे ते कोणाच्या भीतीतून लिहिलंय हे कळेल. 'स्वतंत्र माणूस' हे शब्दही मोजून वापरलेत. त्या वेळच्या इंग्लंडात जमिनीला बांधलेली कुळं, म्हणजे मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडता न येणारी माणसं, फार मोठ्या संख्येने होती. ती या कलमात नव्हती. आणि 'बरोबरीच्यांचा निवाडा' म्हणजे सरदाराचा न्याय सरदारांनी करायचा, राजाने पाठवलेल्या अधिकाऱ्याने नाही. यात गरिबांचा कळवळा शोधू नका.

बरं, राजाने शब्द पाळला नाही तर? सरदारांना जॉन चांगला माहीत होता, म्हणून त्यांनी कलम ६१ घातलं. सरदारांनी आपल्यातले २५ जण निवडायचे. राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने सनद मोडली, तर त्यातल्या चौघांनी राजाकडे जाऊन चूक दाखवायची. ४० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर ते २५ जण देशातल्या लोकांना बरोबर घेऊन राजाचे किल्ले, जमिनी, मालमत्ता जप्त करतील. फक्त राजा, राणी आणि मुलं यांच्या जिवाला हात लावायचा नाही. दुरुस्ती झाली की पुन्हा आधीसारखी राजनिष्ठा!

कागदावर हे चोख वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते बघा. ते पंचवीस जण कोण? बंडखोर गटाचेच लोक. म्हणजे तक्रारदारही तेच, पंचही तेच आणि जप्ती करणारेही तेच. त्यांच्यात मतभेद झाला तर बहुमताने ठरवायचं, पण त्यांनीच अधिकाराचा गैरवापर केला तर दाद कोणाकडे मागायची, याला उत्तर नव्हतं. आणि राजावरच्या अंमलबजावणीचं साधन काय, तर युद्ध. तहाच्या कागदातच पुढच्या लढाईची तरतूद करून ठेवलेली. हे कलम मान्य करणारा राजा राजा उरतच नव्हता, त्यामुळे जॉन ते पाळेल अशी शक्यता पहिल्या दिवसापासून नव्हती. सरदारांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता, त्यांनी लंडन सोडलंच नाही.

जॉनने दोन वर्षांपूर्वी आपलं राज्य पोपच्या चरणी अर्पण केलं होतं, म्हणजे कायद्याने पोप आता त्याचा वरचा मालक होता. त्याने पोप तिसरा इनोसंट याच्याकडे दाद मागितली. २४ ऑगस्ट १२१५ रोजी पोपने सनद रद्द ठरवली. कारण दिलं, ती राजाकडून जबरदस्तीने घेतली आहे. आणि ते खोटं नव्हतं. मग यादवी पेटली. सरदारांनी फ्रान्सच्या राजपुत्राला, लुईला, इंग्लंडच्या गादीसाठी बोलावलं. ऑक्टोबर १२१६ मध्ये जॉन आजारी पडून मेला, तेव्हा अर्धा देश त्याच्या शत्रूंकडे होता.

सनदेची गोष्ट इथेच संपायला हवी होती. ती संपली नाही, याचं श्रेय सरदारांपेक्षा जॉनच्या बाजूच्या लोकांना जास्त आहे.

जॉनचा मुलगा तिसरा हेन्री नऊ वर्षांचा. त्याच्या वतीने कारभार पाहायला विल्यम मार्शल हा म्हातारा, मुरलेला योद्धा. खजिना रिकामा, राजपुत्र लुई देशात ठाण मांडून बसलेला. मार्शलने नोव्हेंबर १२१६ मध्ये एक चाल खेळली. ज्या सनदेसाठी बंड झालं होतं, तीच सनद त्याने राजाच्या नावाने स्वतःहून पुन्हा जाहीर केली. पोपच्या प्रतिनिधीची मोहोर त्यावर होती. बंडखोरांना कळवलं गेलं असंच म्हणा, की तुम्हाला जे हवं ते इकडेच मिळतंय, मग परक्या राजपुत्रासाठी कशाला मरता? अर्थात त्याने दोन काटे काढून टाकले. पंचवीस सरदारांचं कलम गेलं, आणि सल्ल्याशिवाय ढालपट्टी नाही हे कलमही गेलं. ३९ वं कलम राहिलं, कारण त्याने राजाच्या सत्तेला थेट धक्का लागत नव्हता.

लुई हरला आणि १२१७ मध्ये परत गेला. आता राजपक्षाला सनदेची गरज नव्हती. पण १२२५ मध्ये पुन्हा पैसा लागला, फ्रान्समधला उरलेला मुलूख वाचवायला. सतरा वर्षांच्या हेन्रीने मोठ्या लोकांकडे जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा कर म्हणून मागितला. ते म्हणाले, सनद द्या, कर घ्या. कर वसूल झाला सुमारे ४०,००० पौंड. बदल्यात निघालेल्या सनदेत राजाने लिहिलं की आपण ती स्वखुशीने देत आहोत. हे शब्द महत्त्वाचे. १२१५ ची सनद जबरदस्तीची म्हणून पोपने रद्द केली होती. १२२५ च्या सनदेबाबत तसं म्हणायची सोयच ठेवली नाही. शिवाय हा सौदा होता आणि राजाने त्याची किंमत घेतली होती. आज कायद्यात आहे तो मजकूर या १२२५ च्या सनदेचा, १२१५ च्या नव्हे. जुनी ३९ आणि ४० ही कलमं तिच्यात जोडली गेली आणि त्यांचा आकडा २९ झाला.

यातून एक पद्धत पडली. राजा सनद मोडायचा, मग त्याला पैशाची गरज लागायची, मग लोक म्हणायचे, आधी सनद पुन्हा कबूल करा. १२५३ मध्ये वेस्टमिन्स्टरला बिशपांनी पेटत्या मेणबत्त्या जमिनीवर फेकल्या आणि सनद मोडणाऱ्याला शाप दिला, राजाच्या समक्ष. त्याही वेळी पार्श्वभूमी कराचीच. १२९७ मध्ये पहिल्या एडवर्डला युद्धासाठी पैसा हवा होता, तेव्हा सनद अधिकृत कायद्यांच्या पटावर चढली. कलम ६१ ने जे तलवारीने करायचं ठरवलं होतं, ते आता थैलीची दोरी आवळून होऊ लागलं. राजाला ते पचायलाही सोपं होतं, कारण यात त्याचा अपमान नव्हता, देवघेव होती.

मग आली दुसरी पायरी, अर्थ बदलण्याची. चौदाव्या शतकात पार्लमेंटने सनदेचा अर्थ लावणारे काही कायदे केले. १३५४ चा कायदा त्यात सगळ्यात महत्त्वाचा. 'स्वतंत्र माणूस' या जागी आता, दर्जा किंवा परिस्थिती काहीही असो, कोणताही माणूस, असं आलं. आणि 'देशाचा कायदा' याची फोड अशी झाली की माणसाला रीतसर कायदेशीर प्रक्रियेने उत्तर द्यायची संधी मिळाल्याशिवाय शिक्षा नाही. इंग्रजीतला 'ड्यू प्रोसेस' हा शब्दप्रयोग इथला आहे, १२१५ चा नाही. म्हणजे सरदारांसाठी शिवलेला अंगरखा दीडशे वर्षांच्या आत उसवून सगळ्यांच्या मापाचा केला गेला.

त्यानंतर दोनेकशे वर्षं सनद जवळजवळ अडगळीत गेली. शेक्सपिअरने राजा जॉनवर अख्खं नाटक लिहिलं, त्यात मॅग्ना कार्टाचा उल्लेखसुद्धा नाही. ती पुन्हा बाहेर आली एका खटल्यामुळे. तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

१६२६ साल. राजा पहिला चार्ल्स. पार्लमेंट पैसे देईना, म्हणून त्याने ती बरखास्त केली आणि श्रीमंत लोकांकडून सक्तीचं कर्ज उचलायचं ठरवलं. नाव कर्जाचं, पण परत मिळण्याची आशा कोणालाच नव्हती. न्यायाधीशांना सांगितलं, हे कायदेशीर आहे असं लिहून द्या. सरन्यायाधीश रँडॉल्फ क्रू यांनी नकार दिला, त्यांची खुर्ची गेली. बऱ्याच जमीनदारांनी पैसे द्यायला नकार दिला, त्यांना तुरुंगात टाकलं. त्यातल्या पाच नाइट्सनी, डार्नेल, कॉर्बेट, अर्ल, हेव्हनिंगहॅम आणि हॅम्पडेन यांनी, हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला. हेबिअस कॉर्पस म्हणजे कोर्टाने तुरुंगाधिकाऱ्याला दिलेला हुकूम, की कैद्याला आमच्यापुढे आण आणि त्याला का धरून ठेवलंय ते सांग.

नोव्हेंबर १६२७ मध्ये तुरुंगाधिकाऱ्याचं उत्तर आलं. या माणसांना राजाच्या खास हुकमाने ठेवलं आहे. बस्स. गुन्हा काय, कलम कुठलं, काही नाही. आणि हे मुद्दामच. कारण 'सक्तीचं कर्ज दिलं नाही' असं लिहिलं असतं, तर कोर्टाला ते कर्ज कायदेशीर आहे का हे तपासावं लागलं असतं. कारणच दिलं नाही, तर तपासणार काय?

कैद्यांचे वकील, त्यात जॉन सेल्डन हा मोठा विद्वान होता, मॅग्ना कार्टावर उभे राहिले. त्यांचं म्हणणं, 'देशाचा कायदा' म्हणजे १३५४ च्या कायद्यात सांगितलेली रीतसर प्रक्रिया. आरोप हवा, तोही लेखी, त्याशिवाय कैद नाही. राजाचा हुकूम हीच कायदेशीर प्रक्रिया मानली तर ते कलम लिहिलं कशाला? सरकारी बाजूने ॲटर्नी जनरल रॉबर्ट हीथ म्हणाले, राज्याच्या काही गोष्टी उघड करता येत नाहीत, राजाकडे कारण असणारच, कोर्टाने त्याच्यावर विश्वास ठेवावा. न्यायाधीशांनी ठेवला. पाचही जणांना जामीन न देता परत तुरुंगात पाठवलं.

काही महिन्यांत त्यांना सोडलं, पण गोष्ट लोकांच्या मनात बसली. मार्च १६२८ मध्ये पैशाअभावी चार्ल्सला पार्लमेंट बोलवावीच लागली. तिथे एडवर्ड कोक होते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, एके काळचे सरन्यायाधीश, चार्ल्सच्या वडिलांनी १६१६ मध्ये पदावरून काढलेले. कोकनी सनदेतलं ते कलम हातात घेतलं आणि त्यातून पिटिशन ऑफ राइट हा दस्तऐवज उभा राहिला. कोणालाही कारण न दाखवता कैद करू नये, पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर्ज-कर मागू नये. वरिष्ठ सभागृहाने सुचवलं की राजाची सार्वभौम सत्ता अबाधित आहे अशी एक ओळ घालू. कोकनी ठाम विरोध केला. ती एक ओळ आली की वरचं सगळं पोकळ होतं, हे त्यांनी ओळखलं होतं. सनद आणि तिच्या वरचा कोणी सार्वभौम हे एकत्र नांदू शकत नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा सार होता. राजाने आधी गोलमोल उत्तर दिलं, मग ७ जून १६२८ रोजी रीतसर संमती दिली. पैसे हवे होते ना!

आता इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं, की कोकचा इतिहास कच्चा होता. 'बरोबरीच्यांचा निवाडा' म्हणजे ज्यूरी, असा अर्थ त्यांनी रुजवला. पण १२१५ मध्ये फौजदारी खटल्यातली ज्यूरी इंग्लंडमध्ये रुळलेलीच नव्हती. तेव्हा अनेकदा आरोपीला तापलेलं लोखंड धरायला लावून किंवा पाण्यात टाकून दिव्य करवत. कोकच्या मते सनदेत नवीन काही नव्हतं, अनादी काळापासूनचे इंग्रजांचे हक्कच तिने सांगितले होते. तेही खरं नाही. हेबिअस कॉर्पसचा उगम तर सनदेत नाहीच. ती वेगळी, कोर्टांनी घडवलेली रीत होती, सतराव्या शतकात दोघांची सांगड घातली गेली. इतिहासकार म्हणून गुण द्यायचे तर कोक नापास. पण त्यांनी जो प्रश्न विचारला, की माणसाला कोंडलंय तर कारण सांगा, तो मात्र ब्रिओझच्या बायकोच्या कोठडीतूनच आलेला होता. शब्दांचा अर्थ ताणला, तरी मूळ भीती तीच होती.

आणि लगेच सगळं सुधारलं असंही नाही. १६२९ मध्ये चार्ल्सने पार्लमेंट मोडली, सदस्यांना कैद केलं. त्यातले जॉन एलियट १६३२ मध्ये लंडनच्या टॉवरमध्येच मेले. कोक १६३४ मध्ये वारले, तेव्हा राजाच्या हुकमाने त्यांचे कागद जप्त झाले. मॅग्ना कार्टावरचं त्यांचं भाष्य १६४२ मध्ये पार्लमेंटच्या आदेशाने छापलं गेलं, राजाशी युद्ध पेटलं त्याच वर्षी. पुढे ते पुस्तक अमेरिकेतल्या वसाहतींमधले वकील शिकले, आणि १३५४ चा 'ड्यू प्रोसेस' १७९१ मध्ये अमेरिकेच्या घटनादुरुस्तीत जाऊन बसला.

आपल्याकडे ही परंपरा इंग्रजांबरोबर आली, पण अर्धवट. १८२८ चं मुंबई-पुण्याचं एक प्रकरण आहे. पुण्यात मोरो रघुनाथ नावाचा मुलगा नातलगाच्या ताब्यात होता. त्याला हजर करा म्हणून मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने हेबिअस कॉर्पसचा हुकूम काढला. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी त्याची अंमलबजावणी होऊ दिली नाही. न्यायाधीश जॉन पीटर ग्रँट इतके संतापले की १८२९ मध्ये त्यांनी कोर्टच बंद केलं. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल मात्र सरकारच्या बाजूने दिला, की मुंबई बेटाबाहेरच्या अशा माणसांवर या कोर्टाचा हेबिअस कॉर्पसचा अधिकार चालत नाही. इंग्रजाचा जन्मसिद्ध हक्क म्हणून मिरवलेली गोष्ट पुण्यापर्यंत पोचली नाही.

घटना लिहिताना तोच प्रश्न आपल्या दारात आला. जीवित आणि स्वातंत्र्याच्या कलमात आधी 'ड्यू प्रोसेस' हे शब्द होते. घटना सल्लागार बेनेगल नरसिंह राव अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटून आले आणि नंतर ते शब्द गेले. त्याऐवजी कायद्याने ठरवून दिलेली कार्यपद्धती एवढंच राहिलं. कन्हैयालाल मुन्शींसारख्यांना हे पटलं नव्हतं. कारण मग विधिमंडळ जी पद्धत ठरवेल ती चालणार. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी आजचं कलम २२ मांडलं, तेव्हा त्या उणिवेची ही भरपाई आहे असं त्यांनी सभागृहाला सांगितलं. अटक केलेल्याला शक्य तितक्या लवकर कारण सांगायचं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. १६२७ च्या त्या पाच जणांना जे मिळालं नाही, नेमकं तेच. पण त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेला यातून वगळलं आहे. तिथेही कारणं कळवायची असतात, फक्त सार्वजनिक हिताला बाधक वाटतील ती तथ्यं सरकार मागे ठेवू शकतं. ॲटर्नी जनरल हीथ यांचा युक्तिवाद आठवतोय ना?

आणीबाणीत हे टोकाला गेलं. अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकून घ्यायची तयारी दाखवली होती. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने ठरवलं की आणीबाणी चालू असेपर्यंत कैद बेकायदा आहे म्हणून कोर्टात जाताच येणार नाही. विरोधातलं एक मत न्या. हंसराज खन्ना यांचं. सरन्यायाधीशपदाची त्यांची पाळी पुढच्या वर्षी डावलली गेली. १९७८ च्या मनेका गांधी निकालात न्यायालयाने म्हटलं की कार्यपद्धती नुसती कायद्यात असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवी हवी. घटनेतून काढलेला अर्थ न्यायालयाने तीस वर्षांनी पुन्हा आत आणला. शब्द तेच, वाचन नवं. कोकनी केलं त्याच जातीचं काम.

म्हणून कलम ६१ ची नोटीस दारावर लावणाऱ्यांची चूक फक्त कायद्याची नव्हती. त्यांना वाटलं, आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी एक कागद मिळवला आणि तो आपोआप चालतोय. तो कधीच आपोआप चालला नाही. १२२५ मध्ये कोणी कर अडवला, १३५४ मध्ये कोणी 'स्वतंत्र' हा शब्द रुंद केला, १६२७ मध्ये पाच जण पैसे भरून सुटण्याऐवजी तुरुंगात बसले, १९७६ मध्ये एकाने आपलं पद पणाला लावलं. यापुढे बातमीत कोणाला स्थानबद्ध केल्याचं वाचाल, तेव्हा तो माणूस आपल्या पक्षाचा की विरोधी हे नंतर बघा. आधी एवढंच शोधा, की कारण दिलंय का, आणि ते कारण तपासायला कोणी कोर्टात उभं आहे का.